सेन्सर म्हणतो ७.०, लॅब म्हणते ७.९ : माझा अनुभव

दिवसरात्र साखर मोजणारा सेन्सर लावणं, ॲप जोडणं वगैरे काही लिहीत नाही, ते सगळं सरळ झालं. अडलं ते रिपोर्ट दाखवताना, आणि त्याचा राग अजून आहे म्हणून लिहितेय.

मला टाईप टू डायबिटीस, गोळ्या आणि रात्री इन्सुलिन. सेन्सरच्या रिपोर्टवर जीएमआय, म्हणजे सेन्सरच्या सरासरीवरून काढलेला एचबीएवनसीचा अंदाज, ७.०. त्याच आठवड्यात लॅबमधून एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारी रक्ताची टेस्ट, आलं ७.९. क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या आधी जे ज्युनिअर बघतात त्यांनी लॅबचा कागद पुढे केला आणि एचबीएवनसीच्या खाली छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं, ‘सरासरी ग्लुकोज १८०’. म्हणाले, बघा मॅडम, इथे तुमची सरासरी १८० आहे आणि सेन्सर १५४ दाखवतोय, म्हणजे सेन्सर चुकतोय, इन्सुलिन चार युनिट वाढवा.

आता ही ओळ नीट समजून घ्या, कारण जवळजवळ प्रत्येक लॅबच्या रिपोर्टवर ती असते. लॅबने माझी सरासरी साखर मोजलेलीच नाही! एचबीएवनसीला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे, ७.९ चे होतात १८०. म्हणजे ७.९ खरंच आहे हे सिद्ध करायला ७.९ वरूनच काढलेला आकडा दाखवला जात होता. मी हे सांगितलं तर उत्तर आलं, लॅबचं ते लॅबचं. मग परत बाहेर बसा, परत नंबर लावा, आणि मोठे डॉक्टर त्या दिवशी लवकर निघून गेले.

जीएमआय सुद्धा मोजलेला नसतोच, तोही हिशोबच आहे. सेन्सरची सरासरी गुणिले ०.०२३९२, अधिक ३.३१. माझे १५४ टाकून बघा, ७.० येतात. फरक एवढाच की इथे सुरुवात प्रत्यक्ष साखरेच्या रीडिंगपासून होते (सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो), आणि एवढी सरासरी असलेल्या माणसांचं एचबीएवनसी साधारण किती येतं ते हा आकडा सांगतो. तुमचं स्वतःचं रक्त कसं आहे हे त्याला माहीतच नाही. लॅबची टेस्ट मात्र लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय ते बघते, म्हणून त्या पेशी किती दिवस जगतात यावर तो आकडा हलतो. नेहमी साधारण १२० दिवस.

पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत इन्सुलिन आहे तेवढंच ठेवलं, कारण पहाटे तीनला सेन्सर ७२ दाखवत होता. त्या कुशीवर झोपलं की सेन्सर दाबला जाऊन खोटं कमी दाखवतो हे माहीत होतं, म्हणून उठून बोट टोचून बघितलं, ७४. त्यात चार युनिट वाढवले असते तर काय झालं असतं सांगा. दिवसभरात सुद्धा साखर स्थिर असताना ग्लुकोमीटरशी ताडून बघितलं, थोडाफार फरक, पण पंचवीस-तीसने सेन्सर कमी सांगतोय असं कुठेच नाही. दुसरी शंका कालावधीची. जीएमआय १४ दिवसांचा आणि एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांचं, मग आधी साखर जास्त असेल तर? ॲपमध्ये ९० दिवस निवडले, सरासरी १५७, जीएमआय ७.१. म्हणजे तेही नाही.

मग मोठ्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत विचारलं, पाळी कशी आहे? खूप जाते, कित्येक महिने. हिमोग्लोबिन ९.२, फेरिटिन, म्हणजे शरीरातला आयर्नचा साठा, ६. आयर्नची कमतरता. त्यात नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, त्यांना साखर चिकटायला जास्त दिवस मिळतात आणि साखर न वाढता एचबीएवनसी वर दिसतं. आपल्याकडे किती बायकांना ॲनिमिया असतो, आणि तरी फेरिटिन कोणी स्वतःहून लिहून देत नाही याची मला खरंच चीड येते.

एक राहिलं, जीएमआय दाखवायला नेताना सेन्सर किमान ७० टक्के वेळ चालू होता का ते रिपोर्टवर बघून जा, नाहीतर तिथेच वाद सुरू होतो. आणि फरक उलटा असेल, म्हणजे लॅबचं कमी आणि जीएमआय जास्त, तर खूश होऊ नका. नुकताच मोठा रक्तस्राव झालाय, रक्त चढवलंय किंवा पेशी लवकर फुटतायत, तर असं होतं. सिकलसेल, थॅलेसेमिया घरात असेल तर आधीच सांगा.

आयर्न सुरू केल्यावर लगेच एचबीएवनसी करू नका असंही डॉक्टरांनी सांगितलं, नव्या पेशी भराभर येतात तेव्हा ते खाली घसरतं आणि तेही खरं नसतं. फेरिटिन सुधारून काही महिने गेल्यावर केलं, ७.२ आलं, जीएमआय तेव्हाही ७.० च. उरलेला ०.२ चा फरक माझा नेहमीचाच समजायचा असं फाईलवर लिहून घेतलंय, आणि इन्सुलिन एक युनिटही वाढलेलं नाही.