बारा मिलिमीटरवरची रेघ

कस्टमरचा लॉट परत आला आणि सोबत व्हॉट्सॲपवर एक फोटो, फ्लॅश मारून समोरून काढलेला, ज्यात राखाडी डब्याशिवाय काहीच दिसत नव्हतं. खाली लिहिलेलं, 'फिनिश खराब आहे'. बस. कुठे खराब, कुठल्या बाजूला, एका पीसला की सगळ्यांना, काही नाही. लोक डॉक्टरकडे गेल्यावर निदान कुठे दुखतंय ते तरी सांगतात.

आमचा गाळा अंधेरी ईस्टला, थ्रीडी प्रिंटिंगचं जॉबवर्क करतो. हा पीस म्हणजे कंट्रोल बॉक्सचा डबा, ९० बाय ६० मिमी, उंची ४८, मटेरियल पीईटीजी. खालून पितळी इन्सर्ट बसवायचे म्हणून तळ चांगला १२ मिमी जाड, आत जाळीचं इनफिल, त्यावर सॉलिड थर, आणि तिथून वर नुसत्या भिंती. मशीन साधंच, बेड पुढेमागे हलणारं, नोझल ०.४, तापमान २४०, बेड ८०, पंखा सुरुवातीचे थर सोडले तर ४० टक्क्यांवर फिक्स. बाकी सेटिंग ही, मॉडेलचे थर पाडून मशीनला देणाऱ्या PrusaSlicer या स्लायसरमधून:

```
layer_height = 0.2
perimeters = 3
external_perimeter_speed = 80
perimeter_speed = 100
fill_density = 15%
top_solid_layers = 5
slowdown_below_layer_time = 20
```

मी आधी फोटो नीट काढले, कारण फोटो नीट नसेल तर पुढचं सगळं निदान अंदाजपंचे होतं. ट्यूबलाइट बंद केली, मोबाईलचा टॉर्च टेबलावर आडवा ठेवला म्हणजे उजेड भिंतीला जवळजवळ चिकटून येतो, आणि मग बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. शेजारी स्टीलची पट्टी उभी, शून्य बेडच्या बाजूला. आणि पीस बेडवरून काढायच्या आधीच एका भिंतीवर मार्करने X आणि शेजारच्या भिंतीवर Y लिहिलं, नाहीतर नंतर कुठली बाजू कुठल्या ॲक्सिसची ते कोणाच्या बापाला कळत नाही.

त्या उजेडात रेघ स्पष्ट दिसली. चारही बाजूंना, सगळ्या पीसवर, बरोबर १२ मिमीवर. रेघेच्या खाली भिंत मॅट, वर चकचकीत. नख फिरवलं तर रेघेवर किंचित अडकतं.

शेठ बघताक्षणी म्हणाले, "लीड स्क्रू वाकलाय, लॅमिंग्टन रोडवरून नवीन आण." म्हटलं, "शेठ, थांबा जरा, आधी मोजू." आमच्याकडचा ज्युनिअर पोरगा म्हणाला पाऊस आहे, फिलामेंटने ओल धरली असणार. दोघांचं म्हणणं हवेतलं नव्हतं, दोन्ही गोष्टी खरोखर होतात, पण त्यांच्या खुणा वेगळ्या असतात. आमचा स्क्रू एका फेऱ्यात नोझल ८ मिमी वर चढवतो. तो वाकला असता तर लाट दर ८ मिमीला परत आली असती, म्हणजे ४८ मिमीच्या डब्यावर पाच-सहा वेळा. इथे रेघ एकच. आणि ओल असेल तर नोझलमधून चटचट आवाज येतो, तारा सुटतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात, आणि हे सगळं भिंतभर कुठेही येतं. ओलीला काय माहीत तळ कुठे संपतो! मुंबईत जूनपासून प्रत्येक खराब प्रिंटचं खापर पावसावर फोडायची सवयच लागलीय लोकांना, आणि त्यात खरं कारण सुटून जातं.

मशीन की मॉडेल, हे ठरवायची एक साधी टेस्ट आहे आणि ती कोणी करत नाही याचा मला खरंच राग येतो. मॉडेलच्या तळाखाली ५ मिमीचा ठोकळा जोडला, तेवढाच लांबरुंद, बाकी काही हलवलं नाही. दोष मशीनमध्ये असता तर रेघ बेडपासून १२ मिमीवरच राहिली असती, कारण मशीनच्या दृष्टीने ती जागा तीच. रेघ १७ वर गेली. म्हणजे ती मॉडेलबरोबर सरकली, स्क्रू निर्दोष, रूळही निर्दोष, शेठचे पैसेही वाचले.

मग स्लायसरच्या प्रिव्ह्यूत स्पीडचे रंग लावून एकेक थर बघितला. तळाच्या शेवटच्या सॉलिड थराला दोन मिनिटांच्या वर लागतात, कारण ९० बाय ६० चं अख्खं मैदान भरायचं असतं. त्याच्या पुढच्याच थराला नुसत्या तीन भिंती, घेर ३०० मिमी, म्हणजे ९०० मिमीची रेषा, जी सेट केलेल्या स्पीडने दहाएक सेकंदात संपते. पण आपण सांगून ठेवलंय की २० सेकंदांच्या आत थर संपवायचा नाही, म्हणून स्लायसर आपणहून स्पीड ४५ च्या आसपास आणतो. खाली बाहेरची भिंत ८० ने, वर ४५ ने. पीईटीजी हळू सोडलं की चकाकतं, जोरात सोडलं की मॅट राहतं. मॅट-चकचकीतचा उलगडा इथे झाला.

उपायही त्याच गणितात होता. आतल्या-बाहेरच्या सगळ्या भिंती ४० वर आणल्या. ९०० भागिले ४० म्हणजे साडेबावीस सेकंद, २० च्या वर, म्हणजे स्लायसरला हात घालायची वेळच येत नाही आणि भिंत खालपासून वरपर्यंत एकाच स्पीडने छापली जाते. पीसमागे वीसेक मिनिटं जास्त लागतात. शेठने तोंड वाकडं केलं, पण रंग एकसारखा आला आणि ते गप्प झाले.

नख मात्र अजून अडकतंय, आणि मी अडकलोय तो इथेच. हा दुसरा दोष आहे, पहिल्याच्या आड लपलेला. सॉलिड थर थंड होताना आकसतो आणि त्याला चिकटलेली भिंत आत ओढतो. तळ संपला की वरच्या भिंतीला ओढणारं कोणी नाही. व्हर्नियरने तळाच्या वरच्या काठाला ८९.८ मिळतंय आणि रेघेच्या लगेच वर ८९.९, म्हणजे दर बाजूला पाव थराएवढी पायरी. स्पीड, तापमान, पंखा, यातल्या कशाने ती पूर्ण जाणार नाही, कारण ती डब्याच्या आकारातच आहे.

तळ आणि भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात ८ मिमीचा ४५ अंशाचा उतार देऊन एक पीस काढला. तळ एकदम न संपता हळूहळू संपतो, त्यामुळे पायरी चाळीस थरांत पसरली, नखाला काही लागत नाही, टॉर्च आडवा धरला तर हलकीशी छटा दिसते एवढंच. पण तो कोपरा कस्टमरच्या सर्किट बोर्डाने व्यापलाय, ८ मिमी द्यायला तो तयार नाही. फोनवर म्हणाला, "आमचं डिझाइन बरोबर आहे, तुमचं मशीन बघा." त्याला १२ आणि १७ चे दोन्ही फोटो पट्टीसकट पाठवले, त्यावर उत्तर नाही.

बोर्डाच्या काठापर्यंत मोजलं तर जेमतेम ३ मिमी जागा निघते. तेवढ्याच ३ मिमी उताराचा पीस आत्ता बेडवर आहे, चौथी भिंत वाढवून, म्हणजे बाहेरच्या भिंतीपर्यंत ओढ कमी पोचावी.