अर्धा किलो मधाची बाटली 500 ला का पडते, माझा अनुभव

आमच्याकडे जावळी तालुक्यात सातेरी मधमाशांच्या 20 पेट्या आहेत. पेट्या मूळ सासऱ्यांच्या, आबांच्या, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा ते मध स्टीलच्या डब्यातून किलोवर ओळखीत विकायचे. 4 वर्षांपूर्वी मी ठरवलं की लेबल लावून बाटलीतून विकायचं. बाटलीवर किंमत काय टाकायची हे ठरवायला मला वाटलं एक संध्याकाळ पुरेल, लागली पूर्ण 3 वर्षं, कारण दर वर्षी कुठेतरी हिशोब चुकत होता. कोणाला उपयोग होईल म्हणून सगळं लिहितेय.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक उत्पन्नात होती. मी आबांना विचारलं, पेटीला किती मध धरायचा? आबा म्हणाले, "सहा किलो धर गं, सूनबाई, आपल्याकडे निघतो." मी 20 गुणिले 6, 120 किलो धरला आणि वर्षाचा खर्च त्याने भागला. त्या वर्षी मध निघाला 92 किलो आणि तेच आमचं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं वर्ष. पुढच्या वर्षी जांभूळ-हिरडा ऐन फुलोऱ्यात असताना अवकाळीने झोडपलं, फुलं गळाली, 52 किलोवर थांबलो. तिसऱ्या वर्षी 72. मग आबांसोबत बसून जुनं बोलणं काढलं तेव्हा कळलं की ते सहा किलो कारवीच्या वर्षाचं होतं. आमच्याकडे कारवी 7-8 वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा सगळा डोंगर जांभळा होतो आणि माशांना किती आणू नि किती नको असं होतं. माणसाच्या लक्षात तेच वर्ष राहतं. पण किंमत त्या वर्षावर लावली तर मधली सगळी वर्षं घरातून पैसे घालायचे.

मग मी 3 वर्षांची सरासरी घेतली, 72 किलो. आणि त्यातलाही सगळा बाटलीत जात नाही हो! मधयंत्राला चिकटतो, गाळायच्या कापडात राहतो, वरचा फेस काढावा लागतो, घरात लागतो, पाहुण्यांना द्यावा लागतो. मी एक वर्ष वहीत लिहून ठेवलं तर 6 किलो असा गेलेला. म्हणजे विकायला 66 किलो, अर्ध्या किलोच्या 132 बाटल्या. आता मी भागाकार फक्त ह्याच आकड्याने करते.

इथे अजून एक सांगायचंय. पहिल्या वर्षीचे 92 किलो सुद्धा पूर्ण खरे नव्हते. मी घाईत होते, पेटीच्या वरच्या मजल्यातल्या फ्रेम अर्धवट मेणाने बंद झालेल्या असतानाच काढून यंत्रात फिरवल्या. मध पातळ आला, मला वाटलं ताजा आहे म्हणून असेल. दीड महिन्यात 11 बाटल्यांना फेस आला, झाकण उघडलं की फुस्स आवाज आणि आंबूस वास. मध आंबला होता. मधात पाणी 20 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही असा नियम आहे आणि सातेरीच्या मधात ते तसंही जास्तच असतं. नंतर मी पाण्याचं प्रमाण मोजायचं छोटं यंत्र आणलं, रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात, एक थेंब टाकून डोळ्याला लावून बघायचं. आता फ्रेमची निदान तीन चतुर्थांश घरं बंद झाल्याशिवाय हात लावत नाही. किलो थोडे कमी भरतात पण ते टिकतात.

आता खर्च. पेटी, स्टँड आणि आत माशांची वसाहत मिळून आम्हाला साधारण 4,000 ला एक पडली. लाकूड नीट राखलं तर 8 वर्षं जाते, म्हणजे वर्षाला पेटीमागे 500, आणि 20 पेट्यांचे 10,000. हे पैसे दर वर्षी हातातून जात नाहीत म्हणून मी आधी धरलेच नव्हते, पण पेटी कुजेल तेव्हा नवी कशातून घ्यायची? मधयंत्र, जाळी, धुराचा डबा वगैरेचे तसेच 2,000. पावसाळ्यात आमच्याकडे माशांना बाहेर काहीच मिळत नाही, सतत झड असते, मग साखरेचं पाणी द्यावं लागतं, त्याचे 2,640. दर वर्षी 3 तरी वसाहती पेटी सोडून उडून जातात, सातेरी माशीचा स्वभावच तसा, मुंग्या लागल्या, मेणकिडा पडला किंवा उपासमार झाली की गेली, त्या नवीन भरायला 4,500. मेणपत्रे, डागडुजी, पेट्रोल मिळून 2,360. सगळं मिळून 21,500.

आणि मग मजुरी. ह्यावरून आमच्या घरात चांगलं बोलणं झालं. आबांचं म्हणणं, "घरच्या माणसाची कसली मजुरी लावतेस?" मी म्हटलं, "आबा, तुम्ही दर आठवड्याला अर्धा दिवस पेट्या उघडून बघता, तोच वेळ दुसऱ्याच्या स्ट्रॉबेरीत गेलात तर ते हजेरी देतील ना? आणि उद्या तुमचे गुडघे चालले नाहीत तर आपल्याला माणूस लावावाच लागेल, तेव्हा त्याचे पैसे कुठून येणार?" गप्प बसले, मग म्हणाले लाव. मी वर्षभराचे दिवस मोजले, बघणी, मध काढणं, गाळणं, भरणं मिळून 32 दिवस, 450 हजेरीने 14,400. नफा आणि मजुरी एकत्र केली की आपण फुकट राबतोय हे दिसतच नाही, म्हणून वेगळी ठेवली.

तर एकूण 35,900. भागिले 66 किलो, किलोला 544 आणि अर्ध्या किलोला 272. आधीच्या 120 किलोच्या हिशोबाने हेच किलोला 300 च्या आत येत होतं, म्हणजे जवळजवळ निम्मं!

बाटलीचा किस्सा पण सांगते. अर्धा किलो मध म्हणून मी 500 मिलीच्या बाटल्या मागवल्या. मध पाण्यापेक्षा जड असतो, लिटरला साधारण 1.4 किलो, त्यामुळे अर्धा किलो मध 360 मिलीच्या आतच मावतो. माझ्या बाटल्या गळ्याच्या बऱ्याच खाली रिकाम्या दिसायला लागल्या आणि लोक विचारायला लागले कमी का भरलाय. त्या घरात लोणच्याला वापरल्या. नंतर मधाच्याच मापाच्या काचेच्या बाटल्या मागवल्या, झाकणासकट 24 रुपये. 150 मागवल्या, गाडीभाडं 450 झालं आणि 9 फुटलेल्या आल्या, मग चांगल्या निघालेल्या 141 वर भागलं तर एक 29 ला पडली. लेबल 6 रुपये, सील आणि खोका मिळून 6, असं पॅकिंग 41 झालं. मधाची लॅबमधली तपासणी आणि फूड लायसन्सची वर्षाची फी मिळून बाटलीमागे 20. एकूण 333 रुपये. ह्यात मजुरी आली, नफा अजून नाही.

लेबल छापताना मी घाई केली आणि तेही महागात पडलं. एमआरपी 399 लेबलातच छापून घेतली, 300 लेबलं. हिशोब सुधारल्यावर किंमत वाढवायची होती, तर कळलं की छापलेल्या किमतीवर वाढीव किमतीचा स्टिकर लावता येत नाही, किंमत कमी करायची असेल तरच चालतो. 220 लेबलं उरलेली, 1,320 रुपये गेले. आता लेबलवर नाव, पत्ता, वजन, लायसन्स नंबर हे छापलेलं असतं आणि एमआरपी, बॅच, भरल्याची तारीख ह्यांना जागा रिकामी, ते मी भरताना छोट्या शिक्क्याने मारते.

मग दुकान. महाबळेश्वर रोडवरच्या एका दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला एमआरपीवर 25 टक्के. माझी तेव्हाची एमआरपी 399, म्हणजे मला 299 येणार, 333 ची वस्तू. मी म्हटलं ठीक आहे, मला 400 यायला हवेत तर त्यात 25 टक्के घालून 500 लावू. माझ्या भाच्याने लगेच पकडलं, "मामी, तो 500 चे 25 टक्के कापणार, 125, तुला 375 च येतील." खरंय, 400 हातात हवेत तर 400 ला 0.75 ने भागायला लागतं, 533 येतात. घालणं आणि कापणं एकसारखं नसतं हे मला तिथे कळलं. एवढी किंमत लावायची मला धास्ती वाटली, म्हणून दुकानदाराशी बोलून 20 टक्क्यांवर आणलं, मी महिन्याला माल बदलून देईन आणि गोठलेल्या बाटल्या परत घेईन ह्या बोलीवर. 500 एमआरपी, मला 400. घरून थेट घेतलं तर 450, त्याच्यापेक्षा खाली मी जात नाही कारण मग दुकानात कोण घेईल आणि तो मला कशाला ठेवेल.

ह्यात नफा किती? साधारण 80 बाटल्या थेट जातात, त्यात बाटलीला 117 सुटतात, आणि 52 दुकानातून, त्यात 67. वर्षाला 12,800 च्या आसपास. हा जास्त आहे का असं मला स्वतःलाच वाटत होतं, म्हणून 52 किलोचं ते वाईट वर्ष ह्याच किमतीला लावून बघितलं. गळती जाऊन 96 बाटल्या, पेट्यांचा खर्च, मजुरी आणि तपासणी-लायसन्सची वर्षाची फी तेवढीच, तर एक बाटली 442 ला पडते. घरून विकली तर 8 रुपये उरतात आणि दुकानात दिली तर 42 चा तोटा. म्हणजे चांगल्या वर्षाचे ते 12,800 सगळे आपले नसतात, त्यातले काही पुढच्या अवकाळीचे असतात. मी त्यातले 5,000 वेगळ्या खात्यात टाकते.

लोक म्हणतात बाजारात स्वस्त मिळतो. मी भांडत नाही, वही दाखवते. एक ताई पुण्याहून आल्या होत्या, त्यांनी सगळं वाचलं आणि विचारलं पावसाळ्यात साखर का देता, मग मध साखरेचा नाही का होत? प्रश्न बरोबर होता. तेव्हा वरचा मजला काढलेला असतो, साखर फक्त खालच्या खोलीत जगण्यापुरती, आणि फुलोरा सुरू व्हायच्या आधी ती बंद करतो. त्यांनी 2 बाटल्या नेल्या आणि थंडीत फोन केला की मध गोठलाय. कोमट पाण्यात बाटली ठेवा, गॅसवर नको, असं सांगितलं. आता लेबलच्या मागे तेवढं एक वाक्य छापून घेतलंय, त्याचे लेबलमागे 20 पैसे वाढले आणि ते पण वहीत चढवलेत.