प्रॉप्ड कँटिलिव्हरची रिअॅक्शन किचनच्या वजनकाट्यावर मोजली, माझा अनुभव

सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. स्ट्रक्चरल अॅनालिसिसच्या टेस्टमध्ये सोपा वाटणारा प्रश्न आला, प्रॉप्ड कँटिलिव्हर, म्हणजे एक बीम, डावं टोक फिक्स, उजव्या टोकाखाली साधा आधार, आणि बरोबर मध्ये एक पॉइंट लोड, आधाराची रिअॅक्शन, म्हणजे आधार बीमला किती बलाने वर ढकलतो, ते काढा. मी उत्तर लिहिलं लोडच्या एक अष्टमांश. बरोबर उत्तर होतं पाच सोळांश. म्हणजे निम्म्यापेक्षाही कमी काढलं होतं आणि चूक कुठे झाली तेच कळेना, कारण पद्धत तर मी नीट वापरली होती.

पद्धत अशी आहे की आधी आधार काढूनच टाकायचा. मग उरतो एकाच टोकाला धरलेला साधा कँटिलिव्हर आणि लोडमुळे त्याचं मोकळं टोक खाली जातं, ते किती जातं ते काढायचं. मग लोड विसरायचा, आणि त्याच टोकावर फक्त रिअॅक्शन खालून वर ढकलतेय असं धरून टोक किती वर जातं ते काढायचं. खऱ्या बीममध्ये टोक आधारावर टेकलेलं आहे, ते जागचं हलत नाही, म्हणजे खाली जाणं आणि वर येणं सारखंच असायला हवं. बस, एवढंच समीकरण. नुसत्या बलांच्या आणि मोमेंटच्या समतोलावरून हे सुटत नाही, कारण अज्ञात तीन (फिक्स टोकाचं बल, तिथला मोमेंट आणि आधाराची रिअॅक्शन) आणि समीकरणं दोनच. तिसरं समीकरण या डिफ्लेक्शन जुळवण्यातून येतं.

पेपर घेऊन सरांकडे गेलो. सरांनी काही लिहिलं नाही, टेबलावरची स्टीलची फूटपट्टी उचलली, एक टोक टेबलावर दाबून धरलं आणि मला म्हणाले, "मध्यावर बोट ठेवून दाब आणि टोकाकडे बघ." दाबलं. मध्यावर पट्टी थोडीच खाली गेली पण टोक बरंच जास्त गेलं. "तू लिहिलेलं डिफ्लेक्शन बोटाखालचं आहे, टोकाचं नाही," सर म्हणाले. तिथे माझी चूक मला पहिल्यांदा डोळ्याला दिसली. लोडच्या पुढचा बीमचा भाग वाकत नाही, सरळच राहतो, पण लोडखाली बीमला जो उतार आलाय त्याच उतारावर तो सरळ पुढे जातो, म्हणून टोक आणखी खाली. मी हा उताराचा भाग सोडूनच दिला होता.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण मला तो पाच सोळांश काट्यावर बघायचाच होता. हार्डवेअरच्या दुकानातून 25 बाय 6 मिलिमीटरची एमएस, म्हणजे साध्या स्टीलची, फ्लॅट पट्टी आणली, 1.2 मीटर कापून घेतली. 200 मिलिमीटर टेबलावर आणि 1 मीटर बाहेर मोकळी, टेबलाच्या कडेला एक सी-क्लॅम्प घट्ट आवळला. आईचा डिजिटल काटा घेतला, ती म्हणाली "खराब करू नकोस रे", आणि वजन म्हणून ओळखीच्या किराणा दुकानातलं 1 किलोचं माप.

हिशोब आधी करून ठेवला होता. पट्टी आडवी वाकते म्हणून जाडी 6 चा घन, इनर्शिया I = 25 × 6³ / 12 = 450 आला, स्टीलचा ताठपणा दाखवणारा ई 2 लाख, सगळं न्यूटन-मिलिमीटरमध्ये, 1 किलो म्हणजे 9.81 न्यूटन. P म्हणजे लोड, L म्हणजे मोकळी लांबी, R म्हणजे रिअॅक्शन.

```
EI = 200000 × 450 = 9 × 10^7 N·mm²

लोडखाली खाली जाणं  = P(L/2)³/3EI          = 4.54 mm
लोडखालचा उतार      = P(L/2)²/2EI          = 0.01362
टोकाचं खाली जाणं   = 4.54 + 0.01362 × 500 = 11.35 mm

R मुळे टोक वर = R·L³/3EI = R × 3.70 mm
R = 11.35 / 3.70 = 3.07 N, म्हणजे 312 ग्रॅम
```

बघा, 11.35 मधले 6.81 मिलिमीटर फक्त उतारामुळे आलेत, अर्ध्यापेक्षा जास्त. ते सोडले की उरतात 4.54 आणि उत्तर येतं 125 ग्रॅम, म्हणजे माझं टेस्टमधलं एक अष्टमांश. तुमचंही उत्तर असं फारच लहान येत असेल तर आधी हीच जागा तपासा.

आता पट्टीचं स्वतःचं वजन. 1 मीटर पट्टी जवळपास 1.18 किलोची असते आणि तेवढ्यानेच टोक हिशोबाप्रमाणे 16 मिलिमीटर खाली लोंबतं. मी काटा त्या लोंबलेल्या टोकाखालीच आणला, खाली वह्या रचून, काट्यावर पेन्सिलीचा तुकडा आडवा ठेवून, जेमतेम टेकेल इतकाच, आणि काटा शून्यावर आणायला टेअर दाबलं. त्यामुळे पट्टीचं वजन काट्यावर येत नाही, नंतर ठेवलेल्या लोडचाच वाटा येतो. (काटा थोड्या वेळाने आपोआप बंद होतो आणि टेअर जातं, त्यामुळे वजन काढून शून्य येतंय का हे प्रत्येक रीडिंगनंतर बघावं लागतं.)

माप मध्यावर ठेवलं आणि काट्यावर आलं 355. परत ठेवलं, 354. माप बरोबर 500 वर आहे ना बघितलं, आहे. हिशोब तीनदा तपासला, तो पण बरोबर. 312 च्या जागी 355 म्हणजे काही किरकोळ फरक नाही.

पहिला संशय काट्यावर गेला, कारण काटा म्हणजे आतून एक छोटा वाकणारा लोडसेलच, वजन ठेवलं की तोही जरासा दबतो. पण विचार केला तर हे उलटं निघतं. आधार खाली दबला तर त्याच्यावरचा भार कमी होतो, जितका दबेल तितकं टोक परत वर ढकलायचं काम कमी, म्हणजे रीडिंग 312 च्या खाली यायला हवं होतं. माझं वर आलं होतं. म्हणजे दोष आधाराकडे नव्हता, दुसऱ्या टोकाला होता. फिक्स टोक थोडं जरी फिरलं तर बीम साध्या दोन टेकूंच्या बीमकडे झुकतो, आणि त्यात मध्यावरच्या लोडचा निम्मा वाटा, 500 ग्रॅम, या टोकाला येतो. 355 हे 312 आणि 500 च्या मधलंच.

खात्री करायला एक वेगळी चाचणी केली, आणि मला वाटतं या सगळ्यात हीच सगळ्यात कामाची. वजन काढून टाकलं, टेअर केलं, आणि पट्टी आणि पेन्सिलीच्या मध्ये 2 मिलिमीटर जाडीचा वॉशर सरकवला. वॉशरचं वजन वजा करून काट्यावर जे वाढतं ते फक्त टोक 2 मिलिमीटर वर उचलायला लागणारं बल. हिशोबाने 2 भागिले 3.70, म्हणजे 0.54 न्यूटन, 55 ग्रॅम. आले 43. म्हणजे पट्टी हिशोबापेक्षा ढिली वागतेय. ढिला आधार असता तर इथे रीडिंग कमी आलं असतं खरं, पण मग लोडचं रीडिंगही कमी आलं असतं. लोडचं जास्त आणि उचलण्याचं कमी, ही जोडी फक्त क्लॅम्प फिरतोय यानेच जुळते.

किती फिरतोय तेही निघालं. 312 वरून 355 म्हणजे 43 ग्रॅम, 0.42 न्यूटन जास्त, त्याला 3.70 ने गुणलं की टोकाला दीड मिलिमीटर. 1 मीटर लांबीवर दीड मिलिमीटर म्हणजे एक दशांश अंशापेक्षाही कमी कोन! टेबल प्लायचं होतं, क्लॅम्पच्या दाबाखाली प्लाय दबत होतं आणि डोळ्याने काहीच दिसत नव्हतं. आणि याची खूण मला आधीच मिळाली होती, पट्टी नुसती लावली तेव्हा टोक 16 च्या जागी 22 मिलिमीटर लोंबत होतं, ते मी दुकानातली पट्टी थोडी वाकडी असेल म्हणून सोडून दिलं. ते सोडायला नको होतं.

मग काकांच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये गेलो. तिथल्या लोखंडी वर्कबेंचवर पूर्ण 200 मिलिमीटर भाग ठेवला, वरून जाड प्लेट आणि दोन क्लॅम्प, एक अगदी कडेला आणि एक मागच्या टोकाला. आता लोंबणं साधारण 17 आलं. वॉशर सरकवला, 53. माप ठेवलं, 318.

मी बराच वेळ ते 318 बघत उभा होतो. पाच सोळांश.

एक गोष्ट मात्र आकडे मांडल्यावरच नीट समजली. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना ईआय असतो आणि तो कटतो, म्हणून पुस्तकातल्या उत्तरात तो दिसत नाही. मला वाटायचं की रिअॅक्शनला पट्टीच्या ताठपणाशी घेणंदेणं नाही. पण हे आधार अजिबात न हलणारा असेल तेव्हाच. आधार जरा, समजा δ इतका, खचला की समीकरण असं होतं:

```
5PL³/48EI − RL³/3EI = δ
R = 5P/16 − 3EI·δ/L³
```

आता ईआय जागेवरच राहतो, आणि जितका बीम ताठ तितका त्याच खचण्याने जास्त भार कमी होतो. माझी पट्टी लवचीक होती म्हणून 1 मिलिमीटरला 27-28 ग्रॅमच फरक. हीच पट्टी 12 मिलिमीटर जाडीची असती तर ईआय आठपट आणि 1 मिलिमीटर खचल्यावर 220 ग्रॅम गेले असते, 312 मधले! काकांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले की छज्ज्याच्या लोखंडी बीमखाली नंतर पाइप उभा करतात तेव्हा तो नुसता टेकवून वेल्ड केला तर आधीचं वजन पाइपवर येतच नाही, जॅक लावून बीम उचलावा लागतो, मग पाइप.

ते ऐकून शेवटची चाचणी तिथेच केली. 2 मिलिमीटरचे आठ तुकडे एकावर एक, आता काट्याच्या खाली ठेवले, म्हणजे त्यांचं वजन मोजायला नको, आणि टोक 16 मिलिमीटर उचललं, पट्टी डोळ्याला सरळ दिसायला लागली. काट्यावर 428. हा पट्टीच्या स्वतःच्या वजनाचा वाटा, जो आधी लपून बसला होता (पूर्ण लांबीवर सारखं पसरलेलं वजन असेल तर आधाराला तीन अष्टमांश जातं, 1178 चे 442, आमचं टोक मिलिमीटरभर खाली राहिलं होतं). मग माप ठेवायच्या आधी कागदावर लिहिलं, 428 अधिक 318, 746. माप ठेवलं. काका वाकून वाचून म्हणाले, "745."