आमची वाटचाल : कापड बोलतं, पण ऐकायला कान लागतो

जुन्या साड्यांची उशांची कव्हरं, पडदे आणि पांघरुणं शिवायच्या आमच्या व्यवसायाची सुरुवात विचाराल तर ती एका टेबलापासून झाली. नारायण पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जाड काच टाकलेलं टेबल आणि काचेखाली दोन ट्यूबलाइट. भिंतीला सिंगरची जुनी मशीन आणि तिच्यासमोर आमचे मास्तर. मास्तर ब्लाउज शिवून कंटाळले होते आणि मला बोहारणीकडे जाणारी चांगली लुगडी बघवत नव्हती. एवढ्यावर २०१४ साली भागीदारी ठरली. कागद केला नाही.

टेबल कशासाठी, हे या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. साडी काचेवर पसरायची, दिवे लावायचे आणि हळूहळू सरकवत न्यायची. जिथे धागा विरला असेल तिथे उजेड वेगळा येतो. निऱ्यांची खालची कड, बसायची जागा, खांद्यावर पिन लागते ती जागा, हे तर दिसतंच. फसवते ती घडी. कपाटात वीस-पंचवीस वर्षं एकाच घडीवर पडून राहिलेलं रेशीम त्या रेषेवर हळूहळू मरतं आणि वरून चकचकीतच दिसतं. आम्ही खडूने मेलेला भाग आखतो आणि उरलेल्यातूनच काप काढतो. सोळा इंची कव्हरला सतरा इंचाचा चौकोन लागतो. सहावारीतून कागदावर असे वीस-चोवीस चौकोन निघतात. प्रत्यक्षात आठ निघाले तर मी खूश असते. मागची बाजू साध्या जाड सुती कापडाची. साडी वाचवायची म्हणून नव्हे, ताण घ्यायला.

आता २०१७.

कोकणातल्या एका रिसॉर्टची ऐंशी कव्हरांची ऑर्डर आली. समुद्राकडच्या पडवीतल्या बाकांसाठी, सगळी रेशमी, जरीकाठी. आगाऊ रक्कम चाळीस टक्के. तोवर आमची सगळ्यात मोठी ऑर्डर बारा कव्हरांची होती. मी दोन गठ्ठे साड्या एकदम उचलल्या आणि दिवस मोजले तर काचेवर प्रत्येक साडी बघायला वेळच नव्हता. मग मी शहाणपणा केला. मागून इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंगचं अस्तर लावू, म्हणजे कापड धरून राहील.

मास्तरांनी एक जांभळी साडी हातात घेतली, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये कापड धरून कानाजवळ नेलं आणि हलकेच ताणलं. "ताई, हे बोलतंय." मीही ऐकलं. बारीक चर्रर्र, वाळलेल्या पानासारखं. चांगलं रेशीम असं बोलत नाही, फार तर सळसळतं. मी म्हटलं, "मास्तर, फ्यूजिंग आहे ना!" ते काही बोलले नाहीत. अकरा नंबरची सुई बदलली आणि कामाला लागले.

फ्यूजिंग कापडाला आधार देतं, जीव देत नाही. इस्त्रीने चिकटवल्यावर मेलेलं रेशीम आणखी ताठ, आणखी छान दिसतं, म्हणूनच ते धोक्याचं. आधी काचेवर बघून मग फ्यूजिंग लावायचं, हा क्रम मी उलटा केला. त्यात सोळाच्या कव्हरमध्ये अठराची गच्च उशी घातली, बघायला भरदार दिसावी म्हणून. आणि जागा कुठली, तर दुपारभर ऊन येणारी पडवी. उन्हाइतका रेशमाचा दुसरा वैरी नाही.

दोन महिन्यांत फोन आला. मी एसटीने गेले. बाकावरच्या उशांवर उभ्या चिरा पडल्या होत्या, अगदी जुन्या घडीच्या रेषेवर, आणि आतून फ्यूजिंगचा पांढरा थर दिसत होता. जरीचा काठ मात्र शाबूत. मॅनेजरने वेटर उभे असताना एक उशी उचलली आणि म्हणाला, "मॅडम, चिंध्या विकल्यात तुम्ही." चूक माझी होती, मान्य. पण तो शब्द अजून खुपतो. उरलेले साठ टक्के आलेच नाहीत. वाईट भाग पुढेच. ते काम ज्याला गेलं त्याने पॉलिस्टरवर पैठणीचा पदर छापून दिला आणि खाली चिठ्ठी लावली, "जुन्या साड्यांपासून". मोर सगळे एकसारखे, एकाचीही चोच वाकडी नाही. हातमागावर विणलेले मोर असे कवायतीला उभे राहत नाहीत! हे मी कुणाला सांगणार होते?

भाडं थकलं. मशीनचे हप्ते थकले. मास्तर संध्याकाळी पुन्हा ब्लाउज शिवायला लागले आणि सकाळी न चुकता माझ्याकडे यायचे. त्या दिवसांत आमच्या काकू आल्या. पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. पिशवीत आईची इरकल होती, सुती अंगाची, लाल रेशमी पदराची. बैठकीच्या खोलीच्या दाराला पडदे हवे होते. पूर्ण पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "घाई नाही गं, पण तूच कर."

ती साडी आम्ही तीन दिवस नुसती बघत होतो. लांबी साडेपाच मीटर, त्यातला पदर साधारण दोन फूट. पदर बाजूला काढला तर उरलेल्याचे आठ-आठ फुटांचे दोन भाग होतात. सात फुटांच्या पडद्याला वर सहा इंच, खाली सहा इंच दुमड, म्हणजे बरोबर बसलं. पण इरकलीचा पदर सरळ कापता येत नाही. अंगाचा उभा धागा वेगळा आणि पदराचा वेगळा, दोन्ही फासे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. सांध्यावर कात्री लावली की फासे सुटायला लागतात. मास्तरांनी सांध्याच्या दोन्ही बाजूंनी आधी बारीक टीप मारली, मगच कापलं. फॉल उसवल्यावर टाक्यांची रांग उरली होती, ती कड भिंतीकडे ठेवली. मागे पॉपलीनचं अस्तर फक्त वरून जोडलं, खाली मोकळं सोडलं. दोन्ही कापडं धुण्यात सारखी आटत नाहीत, खालूनही शिवलं तर पडदा बोळा होतो. पदराच्या दोन उशा झाल्या. लाल रंग सुटतोय का, ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहिलं. सुटत होता. म्हणून काकूंना बजावलं की या उशा घरी धुवायच्या नाहीत आणि फिक्या सोफ्यावर ठेवायच्या नाहीत. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात. सुटणारा रंग मिठाला जुमानत नाही.

त्या पडद्यांवर काकूंच्या इमारतीतून पाच कामं आली, आणि त्यावरच आम्ही तरलो. पुढची वर्षं ठीक चालली, त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. दुसरी मशीन आली, मास्तरांचा पुतण्या आला. पांघरुणांना मात्र मी मशीन लावू दिली नाही. दोन सुती साड्या एकमेकींवर टाकून हाताने धावदोराच, गोधडीसारखा.

विचारलं नाहीत तरी सांगते. आईच्या साड्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. मऊ सुती फडक्यात ठेवा आणि दर चार-सहा महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला. रेशमी साडीचा पडदा करून मागू नका, मी करून देणार नाही. आणि कुणी किलोवर साड्या विकायला आला तर आधी एक ताणून कानाशी धरा.

गेल्या दिवाळीआधी त्याच रिसॉर्टमधून फोन आला. माणूस नवा होता. छापील उशांना गोळे आलेत म्हणाला, खऱ्या साड्यांची ऐंशी कव्हरं हवीत. मी म्हटलं, पडवीला सुती देईन, रेशमी फक्त आतल्या खोलीला, आणि सगळे पैसे आधी. "कळवतो," म्हणाला.

अजून कळवलेलं नाही.