मटणाचा रस्सा, बंड्या आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ

बंड्या हा आमचा पहिलाच कुत्रा, नऊ किलोचा, गावठी. उरलेला रस्सा पोळीत कुस्करून त्याच्या ताटलीत घालायचा, हा घरचा नेम होता. हाडं काढायचो, तिखट असलं तर पाणी घालायचो. कांद्याचा विचार कुणाच्या डोक्यातच आला नाही. एका रविवारी मटणाचा रस्सा बराच उरला आणि त्यानं तो चाटूनपुसून खाल्ला. दोन दिवस काही झालं नाही. बुधवारी मात्र जिना चढताना त्याला धाप लागली आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली.

डॉक्टरांनी त्याचा ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. "कांदा-लसूण घातलेलं काही दिलंत का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कांद्यातल्या द्रव्यांमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ते दिसायला तीन-चार दिवस जातात. त्यामुळे रविवारच्या जेवणाशी बुधवारच्या आजाराचा संबंध कुणी लावत नाही. दोन दिवस सलाईन लागलं, रक्त चढवायची वेळ आली नाही.

तो हिंडूफिरू लागल्यावर मी नवीन कुत्रा पाळणाऱ्यांसाठी छोटा व्हिडिओ करायचं ठरवलं. मोबाइल ओट्यावर टेकवला आणि वजनकाट्यावर कच्चा कांदा ठेवला. वजनाच्या किलोमागे पाच ग्रॅम कांदा एका वेळी पोटात गेला तरी धोका असतो, म्हणजे बंड्यासाठी पंचेचाळीस ग्रॅम, साधारण अर्धा कांदा. तेवढाच चिरून परतला. पाणी उडून चमच्यात मावेल एवढा उरला. वाटणात हाच असतो. शिजवून, परतून विष कमी होत नाही, फक्त कांदा डोळ्यांना दिसेनासा होतो. फोडी वेचून नुसता रस्सा देणंही म्हणूनच चूक. व्हिडिओत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे दृश्य. आणि रोज थोडं थोडं दिलं तरी नुकसान साठत जातं.

कच्चा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवला. त्यात मी म्हटलं होतं, 'चुकून खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवा.' त्यांनी तिथेच थांबवलं. "हे आधी काढा. मिठानंच कुत्र्याला झटके येऊ शकतात. उलटी करवायची तर दवाखान्यात, तीही खाल्ल्यापासून तास-दोन तासांत. लक्षणांची वाट बघत बसू नका. काय खाल्लं, किती, केव्हा, हे फोनवर सांगा आणि निघा."

तो भाग मी पुन्हा चित्रित केला. शेवटी बंड्याचा ओठ उचलून आताच्या गुलाबी हिरड्या दाखवल्या, म्हणजे निरोगी रंग कसा असतो ते लोकांना आधीच कळावं. आता मटण आधी पाण्यात नुसतं शिजवून घेते आणि वाटण घालण्याआधी बंड्याचा वाटा बाजूला काढते.