एथिक्स कमिटीने "60 पेशंट पुरेत" म्हटलं तेव्हा लिहिलेलं पत्र: माझा अनुभव

अ‍ॅनेस्थेशियाच्या एमडीला आहे. थिसिसचा विषय साधा: जनरल अ‍ॅनेस्थेशियात घशात नळी घातल्यावर ऑपरेशननंतर बऱ्याच पेशंटचा घसा दुखतो, तर आधी मॅग्नेशियमच्या गुळण्या करायला लावल्या तर ते कमी होतं का. एका गटाला मॅग्नेशियम, दुसऱ्याला नुसतं सलाईन. सिनॉप्सिस, कन्सेंट फॉर्म, मराठी भाषांतर सगळं सुरळीत पार पडलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते एका ओळीवर. कमिटीच्या पत्रात फक्त एवढंच होतं की 176 पेशंट जास्त वाटतात, प्रत्येक गटात 30 घेऊन करा. कारण काही नाही. आणि उत्तर द्यायचं तर पुढच्या मीटिंगची वाट बघा. मला खूप राग आला होता, अजूनही येतो, कारण "30 म्हणजे पुरेसं" हे सगळीकडे बोललं जातं, पण दोन गटांतल्या टक्केवारीची तुलना करताना त्या 30 ला काहीच आधार नाही.

माझा हिशोब असा होता. आधीच्या अभ्यासांवरून आणि आमच्या वॉर्डवरून धरलं की नुसत्या सलाईनने 40 टक्के लोकांचा घसा दुखेल, आणि तो 20 वर आला तरच रोज गुळण्या करायला लावण्यात अर्थ आहे. अल्फा 5 टक्के, पॉवर 80 टक्के. प्रत्येक गटाला 79 येतात, 10 टक्के गळती धरून 88, दोन्ही मिळून 176.

```
n = (1.96+0.84)² × (0.4×0.6 + 0.2×0.8) / (0.4−0.2)² = 78.4
```

एक सिनियर म्हणाले, "अगं, 20 च्या जागी 10 टक्के लिही, 29 येतात, विषय संपला." आकडा खरंच 29 येतो. पण 40 वरून थेट 10 वर येईल असं म्हणायला माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि हवा तो आकडा आधी ठरवून मग गृहीतक त्याला जुळवायचं हे मला पटणारं नव्हतं. मी नाही केलं आणि त्याचा मला अभिमान आहे.

पत्रात मी फॉर्म्युला जोडपत्रात टाकला, कारण कमिटीत वकील असतात, सामान्य नागरिक असतात, त्यांना पहिल्या परिच्छेदातच कळायला हवं. मुख्य पत्रात एकच उदाहरण घेतलं. समजा 30-30 घेतले आणि निकाल अगदी आपल्या अंदाजासारखाच आला, म्हणजे सलाईनमध्ये 12 जणांचा घसा दुखला आणि मॅग्नेशियममध्ये 6 जणांचा. फरक 20 टक्क्यांचा, पण त्याचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे 3 पासून 43 पर्यंत जातो, पी व्हॅल्यू साधारण 0.09. म्हणजे औषध लागू पडूनही आम्हाला "फरक सिद्ध झाला नाही" असंच लिहावं लागणार. तोच फरक 79-79 मध्ये आला तर इंटरव्हल साधारण 6 ते 34. शिवाय 30-30 ला पॉवर राहते जेमतेम 41 टक्के, म्हणजे खरा फरक असला तरी तो हुकण्याची शक्यता सापडण्यापेक्षा जास्त.

मग नैतिक मुद्दा लिहिला. कमी पेशंट म्हणजे कमी लोकांना त्रास ही कमिटीची काळजी मी खोडून काढली नाही, उलट तिचंच उत्तर दिलं: 60 जणांना अभ्यासात घेऊन हाती काहीच ठोस लागणार नसेल तर त्या 60 जणांकडून घेतलेली संमती वाया जाते, आणि दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा नवे पेशंट घेऊन तेच करावं लागतं. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही शास्त्रीयदृष्ट्या कच्चं संशोधन अनैतिकच मानलंय, तो संदर्भ दिला. सोबत गुळण्यांमध्ये धोका काय (कडवट चव, मळमळ), घसा दुखलाच तर उपचार काय, आणि आमच्या ओटीच्या लिस्टवरून 176 पेशंट मुदतीत कसे मिळतील हेही लिहिलं. हे शेवटचं विसरू नका, बऱ्याचदा "जास्त वाटतात" मागे खरी शंका रेसिडेंटला तेवढे जमतील का हीच असते.

हो, आणि कुठला फॉर्म्युला वापरला ते पत्रात स्पष्ट लिहा. याच आकड्यांना दुसऱ्या सूत्राने 82 येतात, कंटिन्युइटी करेक्शन लावलं तर 91, आणि कुणी मीटिंगमध्ये मोबाईलवर काढून बघितलं की म्हणणार तुमचं गणितच चुकलंय. शक्य झालं तर पीएसएमच्या स्टॅटिस्टिक्सवाल्या मॅडमना पत्र आधी दाखवा, मी दाखवलं होतं, "गृहीतकांचा आधार आधी लिही, आकडा नंतर" ही सूचना त्यांचीच.

पुढच्या मीटिंगला 176 मंजूर झाले, एकही प्रश्न न विचारता. मला इतकं हायसं वाटलं की त्याच संध्याकाळी सीटीआरआयचा फॉर्म भरायला घेतला. तिथे सॅम्पल साइज टाकताना मंजुरीच्या पत्रातला आकडाच टाका, गळती धरून असलेला, आणि पहिला पेशंट रजिस्ट्रेशन झाल्यावरच घ्या.