वेंगुर्ला ते पणजी, दोनदा: केबिन क्रूच्या वॉक-इनला जाणाऱ्यांसाठी

आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, अंबाड्यातल्या २२ यूपिना काढून झाल्यात आणि डोकं ठणकतंय, तरी आजच लिहून टाकते कारण उद्या राग उतरेल. राग कंपनीवर नाही, क्लासवर. ४० हजार फी, वर ‘ग्रूमिंग किट’चे साडेसहा हजार वेगळे, ज्यात माझ्या रंगापेक्षा दोन शेड उजळ फाउंडेशन आणि लालभडक लिपस्टिक. आणि सहा महिने शिकवलं काय, तर जो जास्त बोलतो तो सिलेक्ट होतो आणि काहीही झालं तरी हसत राहायचं. दोन्ही चूक. पहिल्याने मला जूनमध्ये घरी पाठवलं आणि दुसऱ्याने आज जवळजवळ पाठवलंच होतं.

उंची, वय, बारावी, पासपोर्ट हे तुमचं आधीच बघून झालं असेल असं धरते. फक्त एक, बऱ्याच भारतीय कंपन्या मुलींना १५५ सेंटिमीटर मागतात आणि मोजतात बूट काढून, त्यामुळे हिलवर जमेल हे डोक्यातून काढा. आखाती कंपन्यांत चवड्यांवर उभं राहून हात २१२ सेंटिमीटरपर्यंत पोचतो का तेही बघतात, कारण आगीचं वगैरे सामान वरच्या कप्प्यात असतं. घरी भिंतीवर पेन्सिलीने खूण करून बघा, फुकट आहे.

आता जूनचा प्रवास. त्याच दिवशी पहाटे निघाले, ही पहिली घोडचूक. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी, तिथून पणजीची गाडी, धो धो पाऊस, एसटीची खिडकी अर्धी बंद होणारी, आणि शेजारी मावशी माशांची पाटी घेऊन. मावशींचा काही दोष नाही, त्यांचा तो रोजचा धंदा आहे, फुल मेकअप करून एसटीत मी बसले होते. पणजी स्टँडला उतरले तेव्हा रजिस्ट्रेशन बंद व्हायला वीस मिनिटं होती म्हणून पायलट केला. पायलट म्हणजे गोव्यातली बाइक टॅक्सी, विमानातला पायलट भेटायच्या आधी हा भेटला. पेन्सिल स्कर्टमध्ये बाइकवर एका बाजूला बसायचं, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि दोन किलोमीटरचे त्याने २०० घेतले. फूटरेस्टला अडकून स्टॉकिंग गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फाटलं. जादा जोडी नव्हती. क्लासने किटमध्ये आयलॅश दिल्या होत्या, दुसरं स्टॉकिंग नाही.

म्हणून ग्रूमिंगचं एवढंच सांगते. आदल्या दिवशी जा आणि जवळपास राहा. चप्पल आणि कुर्ता घालून प्रवास करा, कपडे हँगरसकट पिशवीत न्या. आपल्याकडच्या दमट हवेत मोकळे केस सरळ करून काही उपयोग नाही, बांद्यापर्यंत पिंजारतात. केस किंचित ओले असतानाच जेल लावून घट्ट अंबाडा, त्यावर जाळी, मग दिवसभर हलत नाही. फाउंडेशन मनगटावर नको, जबड्याच्या कडेला लावून उन्हात बघा, मानेशी जुळलं तर तुमचं. थ्रेडिंग दोन दिवस आधी, नाहीतर भुवया लाल दिसतात. जवळच्या लग्नात हौसेने मेंदी काढू नका, मेंदी आणि युनिफॉर्मबाहेर दिसणारा टॅटू यांवर बोट ठेवतात. माझ्या हातावर घावण्याच्या तव्याचा जुना डाग आहे, त्याबद्दल विचारलं, मी तव्याचं सांगितलं, लिहून घेतलं, संपलं. क्लासमध्ये तो मेकअपने लपवायला शिकवला होता.

आता मूळ मुद्दा, ग्रुप राउंड. इथेच सगळ्यात जास्त लोक गळतात आणि क्लास सगळ्यात चुकीचं शिकवतात.

आम्ही दहा जण, अर्धगोलात खुर्च्या, समोर दोन मॅडम कागद घेऊन. प्रश्न असा होता की रात्री ११ला फ्लाइट रद्द झालीये, हॉटेलात खोल्या तीनच आणि प्रवासी जास्त: एकटी प्रवास करणारी बारा वर्षांची मुलगी, सात महिन्यांची गरोदर बाई, म्हातारं जोडपं, पायाला प्लास्टर असलेला माणूस, सकाळी स्वतःचं लग्न असलेला नवरदेव आणि एक आमदार. आठ मिनिटांत ठरवा. मी सुरुवातच केली की आमदाराला खोली का म्हणून द्यायची, आणि समोरचा कुडाळचा मुलगा म्हणाला तो तक्रार करेल, त्यावर माझी गाडी जी सुटली ती सुटलीच. तीन मिनिटं आम्ही दोघंच. मला वाटत होतं काय भारी मुद्दे मांडतेय, क्लासचे सर असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

कोपऱ्यात कारवारची एक मुलगी होती, ती आठ मिनिटांत फार तर चार वाक्यं बोलली. एकदा म्हणाली, “तीनच मिनिटं उरलीत, आपण निदान गरोदर बाईंची खोली नक्की करूया का?” मग म्हणाली, “या दोघी मघापासून काहीतरी सांगायचा प्रयत्न करतायत, त्यांचं ऐकूया.” आणि शेवटी वेळ संपल्यावर ठरलेलं सगळं नीट सांगितलं, त्यात माझा एक मुद्दा माझं नाव घेऊन सांगितला. ती आत, मी आणि कुडाळवाला बाहेर.

घरी आले, आईने विचारलं, “काय झाला गो?” मी काहीच बोलले नाही, तिने पेज वाढली.

नंतर शेजारची ताई सुट्टीवर आली, ती स्वतः क्रूमध्ये आहे, तिने मला फोड करून सांगितलं. खोली कोणाला दिली याला बरोबर उत्तरच नसतं. त्या मॅडम बघतात की दुसरा बोलत असताना तुझे डोळे कुठे आहेत, तुझा मुद्दा पडला की चेहरा पडतो का, न बोलणाऱ्याला तू आत घेतेस का, घड्याळाकडे कोणाचं लक्ष आहे. कारण विमानात चार-पाच जणी बंद डब्यात असता, आधी ओळखसुद्धा नसते आणि लगेच एकत्र काम करायचं असतं. तिथे गॅलीत वाद घालणारी कोणालाच नको. आणि गोड राहायचं म्हणजे सगळ्याला मान डोलवायची असंही नाही. बारा वर्षांच्या मुलीला कोणी एकटीला खोली दिली तर ते थांबवायलाच हवं, कारण एकट्याने प्रवास करणारं मूल कंपनीच्या ताब्यात असतं, त्याच्यासोबत स्टाफ लागतो. पण ते सांगायचं कसं, तर “खोली देऊया, फक्त ती एकटी राहू शकणार नाही, आपल्यातली एक सोबत थांबेल.” आधी समोरच्याचं धरायचं, मग आपलं जोडायचं. हे मी आईबरोबर, दादाबरोबर, बाजारात बांगडे घेताना सुद्धा करून बघितलं. महिनाभर घरचे वैतागले होते.

दुसरा प्रवास कालचा. म्हापशाला मावशीकडे राहिले, सकाळी कदंबाने पणजी, सगळं छान झालं, सांगण्यासारखं काही नाही.

ग्रुपमध्ये या वेळी मी पाच-सहा वाक्यं बोलले असेन. एक मुलगा सगळ्यांना तोडत होता, जूनमधली मीच जणू समोर बसले होते. त्याला उलट तोडलं नाही, त्याचा मुद्दा मान्य करून दुसऱ्या मुलीला विचारलं तिला काय वाटतं. आत गेले.

मग शेवटची समोरासमोरची मुलाखत. सर म्हणाले, चौदाव्या रांगेत एकाच्या पॉवर बँकेतून धूर यायला लागलाय, काय करशील? आणि मी हसत होते! सहा महिने घासून घेतलेलं ते हसू, आपोआप आलं. सरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “धूर येतोय आणि तुम्ही हसताय?” कानशिलं तापली. मी सॉरी म्हटलं, एक श्वास घेतला आणि आवाज खाली आणून परत पहिल्यापासून सुरू केलं. वाचले ती इथे.

उत्तराचा क्रम ताईने सांगितलेला तो असा. जिला आधी दिसलं तिने जागा सोडायची नाही, तिनेच आगीकडे बघायचं. दुसरीने कॅप्टनला कळवायचं, तिसरीने आणखी सामान आणायचं. आजूबाजूच्या प्रवाशांना उठवून लांब करायचं. ज्वाळा असतील तर हॅलॉनचा एक्स्टिंग्विशर, पण तेवढ्यावर थांबायचं नाही, कारण हॅलॉन ज्वाळा विझवतो, बॅटरी थंड करत नाही, आणि आत एक सेल तापला की शेजारचा तापतो, म्हणून विझलेली बॅटरी परत पेटते. त्यावर पाणी किंवा दारू नसलेलं कुठलंही पेय ओतत राहायचं. बर्फ नको, बर्फाने उष्णता आत कोंडते. ब्लँकेट टाकून झाकायचं नाही आणि गरम असताना उचलून न्यायचं तर अजिबात नाही.

एवढं सगळं फ्रेशरकडून कोणी मागत नाही, ते कंपनी ट्रेनिंगमध्ये शिकवते. मी हॅलॉनचा ह काढला तेव्हाच सरांनी थांबवलं. त्यांना हवं होतं ते एवढंच की ही तिथून पळते का, एकटीच सगळं करायला जाते का, आणि कॅप्टनला सांगायचं हिला आठवतं का. बहुतेक जण कॅप्टनला विसरतात. माहीत नसेल तिथे ठोकून देऊ नका, “ट्रेनिंगमध्ये शिकवाल तसं, पण तोपर्यंत मी हे करेन” असं म्हटलेलं चालतं.

मग त्यांनी पुढे ढकललं, प्रवासी ओरडतोय, मोबाइलवर शूटिंग करतोय, ऐकत नाहीये. क्लासमध्ये याचं उत्तर “सर, आय कंप्लीटली अंडरस्टँड युवर कन्सर्न” असं पाठ करून घेतलं होतं. धुरात कोण ऐकणार ते? मी म्हटलं, छोटी वाक्यं आणि मोठा आवाज: “उठा. मागे जा. बॅग ठेवा.” बॅग ठेवा यावर सरांनी मान हलवली. विमान रिकामं करायची चाचणी अर्धे दरवाजे वापरून ९० सेकंदांत घेतात, तिथे एकाने वरची बॅग काढायला घेतली की मागची अख्खी रांग अडते. जेवण उशिरा आलं म्हणून चिडलेल्याशी गोड बोलायचं, आग लागलेली असताना हुकूम द्यायचा, हे दोन आवाज वेगवेगळे आहेत आणि दोन्ही घरी मोठ्याने काढून बघावे लागतात. आरशासमोर नको, आरशात आपण हसतो. मोबाइलवर फक्त आवाज रेकॉर्ड करून ऐका. मी सड्यावर जाऊन ओरडायचे, गुरं बघायची.

क्लास लावायचा का? मी तरी नाही म्हणेन, निदान नोकरीची गॅरंटी देणारा तर नाहीच. आणि शॉर्टलिस्ट झाल्यावर कोणाचा फोन आला की सिक्युरिटी डिपॉझिट भरा, मेल आयडी साध्या जीमेलचा, तर फोन ठेवून द्या. जूनच्या वॉक-इननंतर मला आठवड्यात असे दोन फोन आले, म्हणजे सिलेक्ट न होताच. नोकरी द्यायला कंपनी पैसे घेत नाही.

मला मेडिकलला बोलावलंय, तारीख मेलवर येईल. फाउंडेशनची ती बाटली अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे, कोणी माझ्यापेक्षा दोन शेड उजळ असेल तर सांगा, वेंगुर्ल्यात येऊन घेऊन जा. लिपस्टिक दशावतारवाल्या काकांना देऊन टाकली.